कॉस्ट शीट: कपाट कुठल्या दारापर्यंत आलंय ते बघा

प्रश्न: आमचा लोखंडी कपाटांचा छोटा कारखाना आहे. मी बी.कॉम. झाले आणि आता हिशेब मीच बघते. बँकेने कॉस्ट शीट मागितली आहे. प्राइम कॉस्ट, फॅक्टरी कॉस्ट, कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन आणि कॉस्ट ऑफ सेल्स या चारही पायऱ्यांच्या व्याख्या पाठ आहेत, पण आमचे खर्च घेऊन बसले की कुठला कुठे टाकायचा ते कळत नाही. दोन पुस्तकांत दोन पद्धती दिसतात. शेवटी येणारा नफा आणि टॅलीतला नफाही जुळत नाही. शिवाय एका शाळेला शंभर कपाटांचा भाव द्यायचा आहे. एकदा पायरीपायरीने सांगाल का?

उत्तर:

व्याख्या थोड्या वेळ बाजूला ठेवा आणि तुमच्या कपाटाबरोबर कारखाना फिरून या. शीट आधी स्टोअरमध्ये असते. मग ती शॉपवर येते. तयार कपाट गोदामात जाऊन उभं राहतं आणि शेवटी टेम्पोत चढून दुकानदाराकडे पोचतं. कॉस्ट शीटच्या पायऱ्या म्हणजे या वाटेवरची दारंच आहेत. एखादा खर्च कुठे टाकायचा असा प्रश्न पडला की एवढंच विचारायचं: हा खर्च झाला तेव्हा कपाट कुठल्या दाराच्या आत होतं, आणि हा खर्च अमुक कपाटाचा म्हणून बोट ठेवून दाखवता येतो का? लेजरचं नाव काय आहे याला काहीच महत्त्व नाही.

नाव कसं फसवतं ते सांगतो. मी पहिल्यांदा अशाच एका कपाटाच्या कारखान्याची शीट करायला बसलो, तेव्हा त्यांच्या वह्यांत ‘भाडे’ नावाचं एकच खातं होतं आणि त्यात महिन्याला १,१२,५०० रुपये पडलेले होते. मालकांनी ती सगळी रक्कम कारखान्याच्या खर्चात धरली होती. व्हाउचर काढून पाहिली तर त्यात चार वेगळ्या गोष्टी निघाल्या. २०,००० रुपये शीट आणणाऱ्या ट्रकचं भाडं आणि हमाली. ४५,००० रुपये शेडचं भाडं, पण त्या शेडच्या पाचव्या भागात ऑफिस होतं. म्हणजे ३६,००० शॉपचे आणि ९,००० ऑफिसचे. उरलेले ४७,५०० रुपये कपाटं दुकानदारांकडे पोचवणाऱ्या टेम्पोचे. आपल्या भाषेत या सगळ्याला भाडंच म्हणतात. पण कॉस्ट शीटमध्ये पहिलं मालाच्या किमतीत जातं, दुसरं फॅक्टरी ओव्हरहेडमध्ये, तिसरं ऑफिसखर्चात आणि चौथं वितरणखर्चात. म्हणून शीट करायला बसण्याआधी भाडे, पगार, वीज आणि दुरुस्ती ही चार खाती फोडून घ्या. निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

आता त्याच कारखान्याचा एक महिना घेऊ या. तुम्हाला गणित ताडून पाहता यावं म्हणून आकडे मी गोल केले आहेत. एकाच मापाचं कपाट, महिन्यात २०० कपाटं तयार झाली आणि १९० विकली गेली.

पहिलं दार स्टोअरचं. इथे खरेदी किती झाली ते महत्त्वाचं नाही, वापरलं किती गेलं ते महत्त्वाचं. महिन्याच्या सुरुवातीला १,८०,००० रुपयांची शीट, कुलपं, हँडल, बिजागऱ्या आणि आरसे शिल्लक होते. महिन्यात ९,६०,००० रुपयांची खरेदी झाली. त्यात ट्रकभाडं आणि हमालीचे २०,००० मिळवायचे, कारण माल आपल्या स्टोअरपर्यंत येईस्तोवर जे लागलं ती मालाचीच किंमत असते. महिनाअखेरीला २,१०,००० रुपयांचा माल उरला. म्हणजे वापर ९,५०,००० रुपयांचा. खरेदीचा आकडा जीएसटी वगळून घ्यायचा, कारण त्याचं क्रेडिट तुम्हाला परत मिळतं. ज्या कराचं क्रेडिट मिळत नाही तो मात्र किमतीतच धरावा लागतो.

मजुरीत दोन प्रकारची माणसं असतात. कटिंग, बेंडिंग, स्पॉट वेल्डिंग आणि फिटिंग करणारी माणसं उक्त्यावर असतील तर काम सोपं आहे: कपाटामागे किती हे थेट दिसतं. इथे ही मजुरी १,९०,००० रुपये होती. त्यातले १,८०,००० महिन्यात दिले गेले होते आणि १०,००० पुढच्या महिन्यात द्यायचे होते. शीटमध्ये १,९०,०००च येणार, कारण काम या महिन्यात झालंय. याच कारागिरांसाठी मालक पीएफचा जो हिस्सा भरतो तोही मजुरीबरोबरच जातो. हजेरीवरचा हेल्पर आज शीट उचलतो, उद्या झाडू मारतो, परवा ट्रक खाली करतो. त्याचा पगार कुठल्याच कपाटाच्या नावावर लिहिता येत नाही, म्हणून तो इथे येत नाही.

तिसरी ओळ प्रत्यक्ष खर्चाची. माझ्या अनुभवात ही ओळ बहुतेक शीटमध्ये रिकामी सोडलेली असते. या कारखान्यात पावडर कोटिंग बाहेरून करून घेत होते, कपाटामागे ५५० रुपयांनी. तो माल नाही आणि आपली मजुरीही नाही, पण प्रत्येक कपाटाच्या नावावर लिहिता येतो. म्हणून २०० कपाटांचे १,१०,००० रुपये इथे आले. तुमचं कोटिंग कारखान्यातच होत असेल तर पावडर मालात जाईल आणि ओव्हनचा गॅस बहुधा फॅक्टरी ओव्हरहेडमध्ये.

या तिन्हींची बेरीज १२,५०,००० रुपये. हीच प्राइम कॉस्ट. मराठी पुस्तकांत तिला मूळ परिव्यय म्हणतात.

दुसरं दार शॉपचं. इथे कपाटं बनण्यासाठी लागणारे, पण एका कपाटाला चिकटवता न येणारे खर्च येतात. सुपरवायझर, हेल्पर आणि स्टोअरकीपर यांचे पगार ५८,०००. शॉपच्या वाट्याचं शेडभाडं ३६,०००. वीज ३२,०००. मशीनचा घसारा २२,०००. वेल्डिंगचा गॅस, ग्राइंडिंग व्हील, हातमोजे असा किरकोळ माल १८,०००. दुरुस्ती १२,००० आणि विमा २,०००. एकूण १,८०,०००.

विजेबद्दल नेहमी वाद होतो. वीज मशीनलाच लागते, मग ती प्रत्यक्ष खर्च का नाही? उत्तर मोजमापात आहे. एका कपाटाला किती युनिट लागली ते तुमचा मीटर सांगत नाही, म्हणून ती ओव्हरहेड. जिथे भट्टीला स्वतंत्र मीटर असतो आणि प्रत्येक वितळणीची युनिट लिहून ठेवतात, तिथे तीच वीज प्रत्यक्ष खर्च म्हणून धरलेली मी पाहिली आहे आणि ते योग्यच आहे.

प्राइम कॉस्टमध्ये हे मिळवले की १४,३०,००० होतात. आता या दारावरची दोन कामं उरतात.

पहिलं भंगार. एका कपाटाला ६० किलो शीट दिली जात होती आणि त्यातली ५ किलो कापकाप निघत होती. २०० कपाटांची १,००० किलो, ३० रुपये किलोने ३०,००० रुपये. टॅलीत हे ‘इतर उत्पन्न’ म्हणून बसलेलं असतं. कॉस्ट शीटमध्ये ते खर्चातून वजा करायचं, कारण ती आपण आधी पूर्ण दराने धरलेल्या शीटचीच परत आलेली किंमत आहे. काही जण ही रक्कम थेट मालाच्या वापरातून वजा करतात. तेही चालतं, फक्त दर महिन्याला एकाच जागी करा. आणि हा आकडा नुसता लिहून सोडू नका. स्टोअरमधून निघालेली शीट वजा विकलेलं भंगार, याला तयार कपाटांच्या संख्येने भागलं तर ढोबळमानाने ५५ किलो यायला हवेत. एक कपाट आरसा आणि कुलूप लावण्याआधी काट्यावर ठेवून बघा. काटा ५५च्या आसपास आणि हिशेब ५८ दाखवत असेल, तर शीट किंवा भंगार नोंद न होता बाहेर जातंय. अर्धवट कपाटांची शिल्लक महिन्यागणिक फारशी बदलत नसेल तर ही तपासणी चांगली पकडते.

दुसरं काम अर्धवट मालाचं, म्हणजे वर्क इन प्रोग्रेसचं. सुरुवातीला ६०,००० रुपयांची अर्धवट कपाटं शॉपवर होती, ती या महिन्यात पूर्ण झाली, म्हणून मिळवायची. अखेरीला ४०,००० रुपयांची उरली, ती वजा. हे गणित प्राइम कॉस्टच्या आधी करायचं की ओव्हरहेडनंतर, हा प्रश्न परीक्षेतही येतो. ते त्या ६०,००० आणि ४०,००० मध्ये काय काय धरलंय यावर ठरतं. नुसता माल आणि मजुरी धरून किंमत काढली असेल तर प्राइम कॉस्टपाशी. शॉपच्या खर्चाचा वाटाही धरला असेल तर ओव्हरहेडनंतर. इथे वाटा धरलेला होता, म्हणून इथे.

१४,३०,००० वजा ३०,००० अधिक ६०,००० वजा ४०,०००, म्हणजे १४,२०,०००. ही फॅक्टरी कॉस्ट, कारखाना परिव्यय. एका कपाटाला ७,१०० रुपये.

आता तुमची दोन पुस्तकं जिथे भांडतात ती जागा.

जुन्या पुस्तकांत फॅक्टरी कॉस्टमध्ये ऑफिसचा सगळा खर्च मिळवतात आणि बेरजेला कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन म्हणतात. नव्या पद्धतीत ऑफिसखर्चाचे दोन भाग करतात. उत्पादनाशी संबंध असलेला भाग इथे येतो आणि बाकीचा विक्रीच्या दारापलीकडे जातो. इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडियाची मानकं हीच दुसरी वाट धरतात. मीही तीच धरतो, आणि बँकेला देताना तुम्हीही तीच धरा. कारण सांगतो.

या कारखान्यात हजेरी, उत्पादनाचं नियोजन आणि तपासणीच्या नोंदी ठेवणारा एक जण ऑफिसात बसत होता. त्याचा पगार २०,०००. तो ऑफिसात बसत असला तरी काम शॉपचं करत होता. म्हणून १४,२०,००० अधिक २०,०००, कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन १४,४०,०००. तयार झालेल्या २०० कपाटांनी भागलं की ७,२०० रुपये.

अकाउंटंटचा पगार, ऑफिसचं भाडं, फोन, स्टेशनरी, ऑडिट फीचा वाटा असे बाकीचे ५२,०००. तेही इथेच मिळवले असते तर कपाटाची किंमत २६० रुपयांनी वाढून ७,४६० झाली असती. महिनाअखेरीला गोदामात ३५ कपाटं उभी होती. म्हणजे त्या शिल्लक मालाची किंमत ९,१०० रुपयांनी फुगली असती आणि तेवढाच नफा, माल न विकता, कागदावर दिसला असता. ऑडिट फी भरल्याने गोदामातल्या कपाटाची किंमत वाढत नाही. शिल्लक मालाच्या मूल्यांकनाचं लेखा मानक २ हेच सांगतं: माल सध्याच्या जागी आणि सध्याच्या स्थितीत आणायला ज्या प्रशासकीय खर्चाचा हातभार नाही तो त्यात धरायचा नाही, आणि विक्रीचा खर्च तर नाहीच. एका ठिकाणी मी टेम्पोभाडं आणि सेल्समनचा पगारसुद्धा कॉस्ट ऑफ प्रॉडक्शनमध्ये टाकलेला पाहिला. या आकड्यांवर तसं केलं तर गोदामातलं प्रत्येक कपाट ६८५ रुपयांनी महाग दिसतं आणि ३५ कपाटांवर २३,९७५ रुपयांचा खोटा नफा उभा राहतो. बँकेचा अधिकारी स्टॉक स्टेटमेंटवर कर्जाची मर्यादा ठरवतो. तिथे ही चूक महागात पडते.

एक गोष्ट परीक्षेपुरती लक्षात ठेवा: तुमच्या विद्यापीठाच्या प्रश्नात ऑफिसखर्च फोडून दिलेला नसेल आणि वर्गात जुनी पद्धत शिकवली असेल, तर उत्तरात तीच वापरून खाली गृहीतक लिहा.

तिसरं दार गोदामाचं. इथे फक्त तयार मालाची शिल्लक सांभाळायची. सुरुवातीला २५ कपाटं होती, मागच्या महिन्याच्या ७,००० रुपये दराने १,७५,०००. त्यात २०० आली, १९० गेली, ३५ उरली. जुनी आधी गेली असं धरलं तर उरलेली सगळी या महिन्याची, ७,२०० दराने २,५२,०००. म्हणून १४,४०,००० अधिक १,७५,००० वजा २,५२,०००, विकलेल्या मालाचा खर्च १३,६३,०००. पडताळा: २५ कपाटं ७,०००ने आणि १६५ कपाटं ७,२००ने धरली तरी १३,६३,०००च येतात.

या ओळीनंतर भागाकाराची संख्या बदलते. आतापर्यंत २०० ने भागत होतो, कारण खर्च तयार झालेल्या कपाटांचा होता. आता जी बेरीज येईल ती विकलेल्या १९० कपाटांची. मी तपासलेल्या शीटमधली सर्वांत नेहमीची चूक हीच. सगळीकडे एकच संख्या वापरली की गोदामातल्या न विकलेल्या कपाटांवरही टेम्पोभाडं वाटलं जातं, आणि विकलेलं कपाट आहे त्यापेक्षा स्वस्त भासतं.

चौथं दार बाहेरचं. सर्वसाधारण ऑफिसखर्च ५२,०००. विक्री आणि वितरणाचे ८५,०००: पुठ्ठा आणि प्लास्टिक गुंडाळण्याचे कपाटामागे ६० प्रमाणे ११,४००, टेम्पोचे कपाटामागे २५० प्रमाणे ४७,५००, सेल्समनचा पगार आणि प्रवास २६,१००. गुंडाळण्याचा खर्च इथे आला, कारण तो टेम्पोत ओरखडे पडू नयेत म्हणून आहे. लोणच्याची बरणी किंवा तेलाचा डबा असता तर त्याच्याशिवाय माल तयारच होत नाही, म्हणून तो कॉस्ट ऑफ प्रॉडक्शनमध्ये गेला असता.

सगळं मिळून कॉस्ट ऑफ सेल्स १५,००,०००. विकलेल्या कपाटामागे साधारण ७,८९५ रुपये. विक्री ८,६०० दराने १६,३४,०००, म्हणून नफा १,३४,०००, कपाटामागे सुमारे ७०५ रुपये.

बँकेला द्यायचा कागद असा दिसेल:

| तपशील | रुपये |
|---|---|
| सुरुवातीचा कच्चा माल | १,८०,००० |
| अधिक: खरेदी | ९,६०,००० |
| अधिक: आवक वाहतूक व हमाली | २०,००० |
| वजा: अखेरचा कच्चा माल | (२,१०,०००) |
| वापरलेला माल | ९,५०,००० |
| प्रत्यक्ष मजुरी | १,९०,००० |
| प्रत्यक्ष खर्च: पावडर कोटिंग | १,१०,००० |
| प्राइम कॉस्ट | १२,५०,००० |
| अधिक: फॅक्टरी ओव्हरहेड | १,८०,००० |
| वजा: भंगार विक्री | (३०,०००) |
| अधिक: सुरुवातीचा अर्धवट माल | ६०,००० |
| वजा: अखेरचा अर्धवट माल | (४०,०००) |
| फॅक्टरी कॉस्ट | १४,२०,००० |
| अधिक: उत्पादनाशी संबंधित ऑफिसखर्च | २०,००० |
| कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन (२०० कपाटं) | १४,४०,००० |
| अधिक: सुरुवातीचा तयार माल (२५) | १,७५,००० |
| वजा: अखेरचा तयार माल (३५) | (२,५२,०००) |
| विकलेल्या मालाचा खर्च (१९०) | १३,६३,००० |
| अधिक: सर्वसाधारण ऑफिसखर्च | ५२,००० |
| अधिक: विक्री व वितरण खर्च | ८५,००० |
| कॉस्ट ऑफ सेल्स (१९०) | १५,००,००० |
| नफा | १,३४,००० |
| विक्री | १६,३४,००० |

शेजारी कपाटामागचा दर दाखवणारा एक स्तंभ जोडा आणि प्रत्येक दर किती संख्येने भागून आलाय ते वर लिहा. फॅक्टरी ओव्हरहेडची फोड पाठीमागे वेगळ्या पानावर द्या. पहिल्या पानावर आणखी ओळी टाकल्या की पायऱ्या दिसेनाशा होतात.

टॅलीशी नफा जुळत नाही ही तुमची तक्रार. जुळायला नकोच, पण फरकाचा प्रत्येक रुपया दाखवता आला पाहिजे. या कारखान्याच्या नफा-तोटा पत्रकात त्या महिन्याचा नफा ९१,००० होता. कॉस्ट शीटपेक्षा ४३,००० कमी. त्यातले ३८,००० बँकेचं व्याज आणि ५,००० गणेशोत्सवाच्या वर्गण्या. व्याज कपाट बनवण्याचा खर्च नाही. पैसा स्वतःचा घातला की उसना आणला याचा तो खर्च आहे. तेच कपाट कर्ज नसलेल्या कारखान्यातही तेवढ्याच शीटमध्ये बनतं. प्राप्तिकर, देणग्या, मालकाची उचल, कर्जाचे मुद्दलाचे हप्ते आणि जुनं मशीन विकून झालेला तोटा यांतलं काहीही कॉस्ट शीटमध्ये येत नाही. उलट बाजूने, मुदत ठेवीवरचं व्याज टॅलीत उत्पन्न दिसतं, ते इथे घ्यायचं नाही. असा चार ओळींचा ताळमेळ करा. त्यानंतरही फरक उरला तर आधी तिन्ही शिल्लक साठ्यांच्या किमती दोन्हीकडे एकच आहेत का ते पहा. बहुतेक वेळा चूक तिथे सापडते.

आता शाळेची शंभर कपाटं. मागच्या महिन्याची शीट जशीच्या तशी उचलून भाव देऊ नका, कारण ती झालेल्या खर्चाची आहे आणि तुम्हाला होणार असलेल्या खर्चाची हवी. एका कपाटाचा नवा हिशेब मांडा. शीट ६० किलो, भाड्यासकट ६५ रुपयांनी ३,९००, कुलूप, हँडल, बिजागऱ्या आणि आरसा ८५०, मजुरी ९५०, कोटिंग ५५०: प्राइम कॉस्ट ६,२५०. शॉपचा खर्च मजुरीच्या साधारण ९५ टक्के पडत होता, म्हणून ९००. भंगाराचे १५० वजा. फॅक्टरी कॉस्ट ७,०००. वरच्या शीटमध्ये ७,१०० आले होते. ते जास्तीचे १०० मागच्या महिन्याच्या अर्धवट मालाचे होते, शाळेच्या कपाटाशी त्यांचा संबंध नाही. उत्पादनाचा ऑफिसखर्च १००, म्हणजे ७,१००. सर्वसाधारण ऑफिसखर्च विकलेल्या कपाटामागे सुमारे २७४, सेल्समनचे १३७, गुंडाळण्याचे ६०. शाळा स्वतःचा टेम्पो पाठवणार असेल तर वितरणाचे २५० धरू नका. कॉस्ट ऑफ सेल्स ७,५७१.

दहा टक्के नफा हवा असेल तर कशावर, ते आधी ठरवा. खर्चावर दहा टक्के म्हणजे भाव ८,३२८. विक्रीवर दहा टक्के म्हणजे ७,५७१ भागिले ०.९, म्हणजे ८,४१२. कपाटामागे ८४ रुपयांचा फरक, शंभर कपाटांवर ८,४००. भाव जीएसटी वेगळा धरून लिहा.

शीटचा दर मात्र डिलिव्हरीच्या महिन्याचा घ्या. किलोला ३ रुपये वाढले तर कपाट १८० रुपयांनी महाग होतं. शाळा दोन महिन्यांनी माल उचलणार असेल तर भाव किती दिवस लागू राहील ते कोटेशनवर लिहाच.

आणि ते ९५ टक्के फक्त २०० कपाटांच्या महिन्याला खरे आहेत. शॉपच्या १,८०,००० मधले वीज आणि किरकोळ मालाचे ५०,००० कामाबरोबर कमीजास्त होतात. बाकीचे १,३०,००० काम असो वा नसो, द्यावेच लागतात. २०० कपाटांवर ते प्रत्येकी ६५० पडतात, १०० वर १,३००. पावसाळ्यात मागणी अर्ध्यावर आली की शीट म्हणेल कपाट ६५० रुपयांनी महाग झालं. त्यावर विश्वास ठेवून भाव वाढवला तर उरलेली गिऱ्हाइकंही जातील. अशा महिन्यात स्थिर खर्चाचा दर नेहमीच्या क्षमतेवरच, म्हणजे २०० वर ठेवा आणि न वापरलेल्या क्षमतेचे ६५,००० रुपये कपाटांवर न वाटता वेगळ्या ओळीत तोटा म्हणून दाखवा. लेखा मानक २ सुद्धा स्थिर उत्पादनखर्च सर्वसाधारण क्षमतेवरच वाटायला सांगतं. शाळेची ऑर्डर अशाच मंदीच्या महिन्यात येणार असेल, तर ७,५७१च्या खालचा भाव देणंही कधी कधी शहाणपणाचं ठरतं, कारण ते १,३०,००० तुम्ही तसेही देणार आहात. पण किती खाली जायचं त्याची रेघ प्राइम कॉस्ट वजा भंगार, अधिक वीज आणि किरकोळ मालाचे कपाटामागे २५०, अधिक गुंडाळण्याचे ६० इथे आहे, म्हणजे ६,४१०. त्याच्या खाली प्रत्येक कपाटामागे तुमच्या खिशातून पैसे जातात.